सकाळ, दुपार, रात्र : दादींच्या गोळ्यांचा डबा

आपल्या घरांत मोठ्या माणसांच्या गोळ्या बहुधा दोनच ठिकाणी सापडतात. एक म्हणजे मेडिकलवाल्याने दिलेली कॅरीबॅग, खिळ्याला टांगलेली. दुसरे म्हणजे बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात सुई-दोरा, जुना चष्मा आणि अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा एकत्र नांदत असतात. दादी त्यातून रंग आणि आकार पाहून गोळी काढतात आणि बहुतेक दिवस बरोबर काढतात. अडचण उरलेल्या दिवसांची असते. दुपारी डुलकी लागली, उठल्यावर "गोळी खाल्ली का?" असा प्रश्न पडला, आणि घरात त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, की एक तर गोळी चुकते किंवा दोनदा घेतली जाते.

सात दिवसांचा, दिवसाला तीन कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन सहज मिळतो. एकवीस कप्प्यांचा हा डबा त्या एका प्रश्नाचे उत्तर देतो: कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, भरलेला म्हणजे राहिली. मात्र डबा भरताना चूक झाली तर ती एका दिवसाची राहत नाही, आठवडाभर तीच चूक होत राहते. म्हणून डबा विकत आणण्याआधी करायचे काम मोठे आहे आणि या लेखातली निम्मी जागा त्यालाच दिली आहे.

उदाहरणासाठी एक चिठ्ठी समोर धरू. ती कोणा एका व्यक्तीची नाही, पण छत्रपती संभाजीनगरात रोशन गेटपासून किराडपुऱ्यापर्यंत कोणत्याही घरात सापडेल अशी आहे. दादींचे वय 72. त्यांना थायरॉइड, शुगर आणि बीपी आहे. पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम. नाश्त्याला ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन 500 आणि बीपीची टेल्मिसार्टन 40. दुपारच्या जेवणानंतर एस्पिरिन 75 आणि कॅल्शियम. रात्रीच्या जेवणाला मेटफॉर्मिन 500 पुन्हा, बीपीची दुसरी गोळी अम्लोडिपिन 5 आणि कोलेस्टेरॉलची अटोरव्हास्टॅटिन 10. ही केवळ उदाहरणाची चिठ्ठी आहे. आपल्या घरातली गोळी आणि तिची वेळ आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच ठेवावी.

आधी यादी

एका दुपारी घरातली सगळी औषधे एका चादरीवर मांडावीत. कपाटातली, फ्रिजवरची, दादींच्या उशाखालची, बटव्यातली, सगळी. मग प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागे बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे. मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते आणि घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडे एकाच माणसाची औषधे दोन-तीन ठिकाणांहून येतात. काही घाटीतून, काही खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, काही स्वस्त पडतात म्हणून जनऔषधी केंद्रातून. पुढून पाहिले तर तीन वेगळी नावे आणि तीन वेगळे रंग दिसतात. मागे वाचले की तिन्हींवर अम्लोडिपिन लिहिलेले निघू शकते. दोन अम्लोडिपिन रोज पोटात गेल्या तर पाय सुजतात, उठताना चक्कर येते, आणि घरचे म्हणतात की वय झाले.

टेल्मिसार्टनच्या बाबतीत नावामागच्या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. कंपनीच्या नावापुढे नुसता 40 चा आकडा असेल तर आत बहुधा एकटी टेल्मिसार्टन असते. पुढे 'एएम' असेल तर तिच्यात बहुधा अम्लोडिपिनही मिसळलेली असते, आणि 'एच' असेल तर लघवीवाटे पाणी काढणारे औषध. पण अक्षरांवर विसंबू नये, मागे लिहिलेले घटक वाचावेत. डॉक्टर गोळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून दोन गोळ्यांऐवजी 'एएम'ची एकच लिहून देतात. घरात जुनी अम्लोडिपिन शिल्लक असते, पैसे दिलेले असतात, म्हणून ती संपेपर्यंत दोन्ही चालू राहतात. चादरीवर मांडलेल्या औषधांत अशी जोडी सापडली तर आपण आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. दोन्ही स्ट्रिपा घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवाव्यात.

उरलेल्या औषधांची एक यादी करावी. एका ओळीत एक औषध: मूळ नाव, ताकद, सकाळ-दुपार-रात्र किती, जेवणाआधी की नंतर, आणि कशासाठी. चिठ्ठीवरचे 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल, जसे 60,000 युनिटचे व्हिटॅमिन डी, तर तिच्या ओळीत वार लिहून त्याखाली लाल रेघ ओढावी, कारण ती रोज घेतली जाण्याची चूक नेहमी घडते. यादी झाल्यावर डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावी, खाली तारीख घालावी आणि डब्याच्या झाकणाला चिकटवावी. यापुढे डबा या यादीवरूनच भरायचा, आठवणीवरून नाही.

काय डब्यात जात नाही

आपल्या उदाहरणातली पहिलीच गोळी, थायरॉक्सिन, डब्यात ठेवायची नाही. प्रकाश आणि ओल यांनी ती कमजोर होते, म्हणूनच ती बहुधा घट्ट झाकणाच्या बाटलीत येते. शिवाय तिची वेळ बाकीच्यांशी जुळत नाही. ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान चार तास दूर. दादी फजरला उठतातच, तेव्हा बाटली त्यांच्या पाण्याच्या तांब्याजवळ असावी. गोळी घेतली की बाटली उलटी ठेवावी आणि रात्री कोणीतरी ती सुलटी करावी. सकाळी सातला बाटली सुलटी दिसली तर गोळी राहिली आहे. साधी युक्ती आहे, पण मोबाइलच्या गजरापेक्षा मला तिच्यावर जास्त भरवसा आहे. गजर बंद करून माणूस पुन्हा झोपू शकतो.

टेल्मिसार्टनही डब्यात टाकू नये, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ही गोळी हवेतली ओल ओढून घेते. म्हणूनच तिच्या वेष्टनावर, घेण्याच्या वेळीच बाहेर काढावी, अशी सूचना सापडते. पावसाळ्यात सहा-सात दिवस उघडी राहिलेली गोळी मऊ पडते आणि तिची कडा बोटाला लागते. यावर काही जण स्ट्रिप कात्रीने कापून एकेक चौकोन वेष्टनासकट कप्प्यात ठेवतात. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाच्या घरी हे मुळीच करू नये. तळहातावर आलेले सगळे एकदम तोंडात टाकायची सवय असते, आणि वेष्टनाच्या टोकदार कडेने अन्ननलिकेला इजा होऊ शकते.

त्यापेक्षा स्ट्रिप अख्खीच ठेवावी आणि पक्क्या शाईच्या मार्करने प्रत्येक गोळीच्या मागे वार लिहावा: शुक्र, शनि, रवि. मग ती स्ट्रिप हाच तिचा डबा. आजचा वार फुटलेला आहे की नाही ते दिसते. ही स्ट्रिप आणि थायरॉक्सिनची बाटली एकाच जागी असाव्यात, आणि डब्यातल्या सकाळच्या कप्प्यावर "बाहेर आणखी एक" अशी चिठ्ठी लावावी.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, पाण्यात विरघळणारी गोळी, आणि "दुखले तरच" घ्यायची वेदनाशामक गोळी, यांनाही डब्यात जागा नाही. इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब आणि पंप डब्यात मावतच नाहीत, पण यादीत त्यांची ओळ हवी. नाहीतर डबा रिकामा झाला म्हणजे सगळे घेऊन झाले, असा समज होतो.

एस्पिरिन 75 वर आवरण असेल तर ती कोरड्या डब्यात आठवडाभर ठेवता येते. कप्पा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ओलीने खराब झाली असे समजून टाकून द्यावी. मेटफॉर्मिनच्या नावापुढे 'एसआर' असेल, म्हणजे ती हळूहळू विरघळणारी असेल, तर गिळायला मोठी वाटते म्हणून तिचे तुकडे करू नयेत. तुकडे केले की बारा तासांचे औषध एकदम सुटते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगून दुसरी मागावी.

जुमे की रात कधी?

बाजारातल्या डब्यांवर वारांची इंग्रजी अक्षरे असतात. दादींना उर्दू वाचता येत असेल तर पांढऱ्या चिकटपट्टीवर उर्दूत सुबह, दोपहर, रात लिहून लावावे. वाचता येत नसेल तर सूर्य, रोटी आणि चंद्र काढावेत. नातवंडांकडून काढून घेतले तर त्यांनाही डब्याची ओळख होते.

वारांची मात्र एक गंमत आहे, आणि ती आपल्याच घरांत होऊ शकते. जुन्या माणसांच्या हिशेबात दिवस मगरिबला बदलतो. त्यांच्यासाठी जुमे की रात म्हणजे गुरुवारची रात्र. गुरुवारी इशानंतर "जुमे की रात की गोली" मागितली की त्या अगदी सरळ मनाने शुक्रवारचा रात्रीचा कप्पा उघडतात. मग शुक्रवारी तो रिकामा दिसतो आणि गुरुवारचा भरलेला. दोन्हीकडे बघून घरचे गोंधळतात. म्हणून "एक आडवी ओळ म्हणजे सकाळपासून झोपेपर्यंतचा एक दिवस" असे दादींना बोटाने दाखवावे. वारांच्या नावांऐवजी सात ओळींना सात रंगांच्या टिकल्या लावल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात तोच रंग दिला, तर वाद उरत नाही.

वेळा नमाजशी जोडणे सोयीचे आहे, कारण ती विसरली जात नाही. पण एक भेद ठेवावा. आपल्या शहरात जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या पुढे. फजर आणि इशा त्याच्याबरोबर सरकतात. थायरॉक्सिनला याने काही बिघडत नाही, फक्त नाश्ता नंतर हवा. शुगरच्या गोळ्यांना मात्र घास हवा, नमाज झाली की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. ग्लिमेपिराइड घेतली आणि पाहुणे आले म्हणून नाश्ता तासभर लांबला, तर दादींना घाम, थरथर, धडधड सुरू होऊ शकते. म्हणून सकाळच्या कप्प्याचा नियम असा: ताट समोर आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही.

भरण्याची रीत

भरण्याचा एक वार आणि भरणारा एकच हात असावा. मी गुरुवारची दुपार सुचवते. उजेड असतो, आणि काही कमी निघाले तर शुक्रवार-शनिवार दुकाने आणि दवाखाने उघडे मिळतात. रविवारी भरायला बसलात तर ओपीडी बंद आणि निम्मी मेडिकल अर्धा दिवस. गुरुवारच्या रात्रीच्या तीन गोळ्या एका वाटीत काढून झाकून ठेवाव्यात, म्हणजे डबा पूर्ण रिकामा होतो. हात धुऊन कोरडे करावेत, डबाही कोरडा असावा, आणि शेजारी टीव्ही किंवा फोन नको.

बहुतेक लोक एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या टाकून मग पुढच्या दिवसाकडे जातात. त्यात सगळ्या स्ट्रिपा एकाच वेळी उघड्या पडतात आणि कोण हाक मारली की हिशेब सुटतो. उलटे करावे. एक स्ट्रिप हातात घ्यायची, यादीतली ओळ मोठ्याने वाचायची, सातही दिवसांच्या त्या कप्प्यात एकेक टाकायची, स्ट्रिप खोक्यात परत ठेवायची, मगच दुसरी उचलायची. मेटफॉर्मिन सकाळी सात आणि रात्री सात, अशा चौदा जातील. शेवटी मोजायचे. आपल्या उदाहरणात सकाळच्या कप्प्यात 2, दुपारच्या 2, रात्रीच्या 3, म्हणजे दिवसाला 7 आणि डब्यात एकूण 49. एखाद्या कप्प्यात तीनऐवजी चार दिसल्या की चूक तिथेच सापडते. घरातल्या दुसऱ्या कोणी, चौथी-पाचवीतल्या मुलीनेही, नुसते आकडे मोजून घेतले तरी चालते.

या वेळी एखाद्या गोळीचा रंग मागच्या आठवड्यापेक्षा वेगळा असेल तर थांबावे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली असेल, किंवा ताकद बदलली असेल. मागचे नाव आणि मिलिग्रॅम यादीशी जुळले तर "आता पांढरी, गोल" असे यादीत लिहून दादींना दाखवावे. न दाखवता टाकली तर त्या नवी गोळी परकी समजून बाजूला काढून ठेवतात, आणि त्यांचे ते चुकीचेही नाही.

भरलेला डबा स्वयंपाकघरात, खिडकीत किंवा टीव्हीवर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि औषधांवर पंचवीस किंवा तीस अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. फ्रिजही नको, तिथे बाहेर काढताना पाणी सुटते. आतल्या खोलीतले उंच, कोरडे कपाट बरे. उंच यासाठी की हे डबे लहान मुलांना सहज उघडतात आणि खाऊच्या डबीसारखे दिसतात. ग्लिमेपिराइडची एक गोळी चिमुकल्याची शुगर धोकादायकरीत्या उतरवू शकते. मूल गोळी चघळताना दिसले तर त्रास होण्याची वाट न पाहता स्ट्रिप हातात घेऊन थेट दवाखाना गाठावा.

राहिलेला कप्पा

रात्री पाहिले तर दुपारचा कप्पा भरलेला आहे. काय करायचे? रात्रीच्या गोळ्यांबरोबर सगळ्या एकदम देऊन टाकणे, हा पहिला मोह असतो. एस्पिरिन आणि कॅल्शियम त्याच दिवशी रात्रीच्या जेवणानंतर घेतल्याने बहुधा बिघडत नाही. शुगरची गोळी मात्र तिचे जेवण टळून गेले की द्यायची नाही, आणि कोणतीही गोळी भरपाई म्हणून दुप्पट द्यायची नाही. दिवस उलटला असेल तर तो कप्पा तसाच बंद ठेवावा. त्यातल्या गोळ्या पुढच्या कप्प्यात सरकवू नयेत. गुरुवारी त्या बाहेर काढून मोजाव्यात आणि यादीच्या मागे तारीख लिहावी.

या नोंदीचा उपयोग डॉक्टरांना होतो. समजा महिन्यात नऊ कप्पे राहिले आणि नऊच्या नऊ दुपारचे आहेत. म्हणजे दादींची आठवण अधू झालेली नाही. दुपारी त्या लेकीकडे जातात किंवा झोपतात. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली तर ते दुपारच्या दोन गोळ्या रात्री हलवता येतील का ते पाहू शकतात, आणि तीन वेळांचा डबा दोन वेळांचा होतो. पण राहिलेले कप्पे कधी सकाळचे, कधी रात्रीचे, कधी उद्याचाच कप्पा आज उघडलेला, असे विस्कळीत दिसू लागले तर डब्यावर भिस्त ठेवायचे दिवस संपले. तेव्हा डबा घरच्यांच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हातावर गोळी द्यावी.

किती दिवसांचे उरले?

डबा भरून झाला की उठायचे नाही. खोक्यातल्या उरलेल्या गोळ्या तेव्हाच मोजायच्या. नियम एकच ठेवला आहे: भरणीच्या दिवशी प्रत्येक औषध घरात किमान 14 दिवसांचे हवे, डब्यातले धरून. त्याहून कमी असेल ते या आठवड्याच्या खरेदीत. चौदाच का? कारण एखादी कंपनी दुकानात नसते, मागवायला दोन-तीन दिवस लागतात, मध्ये ईद-दिवाळीच्या सुट्या येतात, आणि कधी चिठ्ठीच नवी घ्यावी लागते.

समजा दादींच्या खोक्यात भरणीनंतर असे उरले: मेटफॉर्मिन 34, ग्लिमेपिराइड 20, एस्पिरिन 6, कॅल्शियम 24, अम्लोडिपिन 13, अटोरव्हास्टॅटिन 23, आणि टेल्मिसार्टनच्या स्ट्रिपवर 11. मेटफॉर्मिन सगळ्यात जास्त दिसते, पण रोज दोन लागतात, म्हणजे 34 चे 17 दिवस आणि डब्यातले 7 मिळून 24. एस्पिरिन 6 आणि 7, एकूण 13 दिवस: यादीत घ्यायची. अम्लोडिपिन 13 आणि 7, म्हणजे 20: या आठवड्यात नको. टेल्मिसार्टन डब्यात नाही, म्हणून 11 म्हणजे अकराच दिवस: यादीत घ्यायची. थायरॉक्सिनची बाटली मोजत बसू नये. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. शंभर गोळ्यांची बाटली असेल तर शंभर दिवस.

औषधे वेगवेगळ्या दिवशी का संपतात, याचे कारण आपल्या मागण्यात आहे. काउंटरवर सगळे म्हणतात, "सगळ्याच्या दोन-दोन स्ट्रिपा द्या." पण कुठल्या स्ट्रिपमध्ये 10 गोळ्या असतात, कुठल्यात 14, 15, 20 किंवा 30. दादींच्या एस्पिरिनची 14 ची असेल तर दोन स्ट्रिपा 28 दिवस पुरतात. अम्लोडिपिन 15 ची, म्हणून 30 दिवस. मेटफॉर्मिन 20 ची, पण रोज दोन, म्हणून वीसच दिवस. तीन आठवडे होत नाहीत तोच शुगरची गोळी संपते आणि घरचे म्हणतात, "अजून बाकीच्या आहेत, सगळ्या मिळून आणू." म्हणून स्ट्रिपा मागू नयेत, दिवस मागावेत. "तीस दिवसांच्या द्या" म्हणून यादी पुढे करावी. मग मेटफॉर्मिनच्या तीन, अम्लोडिपिनच्या दोन, आणि एस्पिरिनच्या दोन अख्ख्या व दोन गोळ्या कापून, असा हिशेब फार्मासिस्ट करून देतो. कापताना एक सांगावे: मुदतीची तारीख छापलेला तुकडा तपासून आणि फोटो काढून घ्यावा. घरीही गोळ्या तारखेच्या विरुद्ध टोकाकडून काढाव्यात, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते.

मोजणीतून आणखी एक गोष्ट उघड होते. एकाच दिवशी तीस-तीस आणलेल्या, रोज एकेक लागणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक पाच उरली आणि दुसरी दहा, तर पाच वेळा काहीतरी चुकले आहे. जास्त उरली म्हणजे ती घेतली जात नाही. कॅल्शियमची गोळी मोठी असते, दादी ती हळूच उशीखाली ठेवतात. अपेक्षेआधी संपली तर कोणीतरी दोनदा देते आहे, सकाळी मुलगा आणि पुन्हा सूनबाई.

मध्येच औषध बदलले तर

सोमवारी डॉक्टरांनी अम्लोडिपिन बंद केली, आणि डबा गुरुवारपर्यंत भरलेला आहे. आधी यादीत ती ओळ खोडून तारीख घालावी. मग जुनी स्ट्रिप समोर धरून, आकार जुळवत, उरलेल्या रात्रीच्या कप्प्यांतून ती काढावी. सोमवार ते गुरुवार चार रात्री आहेत, म्हणून हातात बरोबर चार गोळ्या यायला हव्यात. तीन किंवा पाच आल्या तर सगळे कप्पे रिकामे करून यादीवरून पुन्हा भरावेत. बंद केलेली स्ट्रिप त्याच दिवशी खोक्यातून बाहेर काढावी. ती "कधीतरी लागेल" म्हणून ठेवली की पुढच्या भरणीत परत डब्यात शिरते.

रमजानचा बदल याच प्रकारचा आहे, फक्त मोठा. तीन वेळांचे दोन वेळा करणे म्हणजे दुपारचा कप्पा सहरीत ओतणे नव्हे. ग्लिमेपिराइड सहरीला घेतली तर शुगर उतरण्याची भीती सर्वांत जास्त असते, ती कोणत्या वेळी आणि किती, हे डॉक्टरच ठरवतात. रोजे ठेवावेत की नाही, हेही मूत्रपिंड, हृदय आणि मागच्या तीन महिन्यांची शुगर पाहून ठरते. यासाठी रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी जावे आणि डब्याची यादी बरोबर न्यावी. रोजात शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडायचा, असे डॉक्टरांचे मार्गदर्शन असते, ते आकडे नव्या यादीवरच लिहून घ्यावेत. त्या महिन्यासाठी दुसरा, वेगळ्या रंगाचा डबा घ्यावा आणि त्यावर फक्त इफ्तार आणि सहरी लिहावे. जुना डबा रिकामा करून, यादीसकट कपाटात ठेवावा. ईदच्या आदल्या दिवशी तो बाहेर काढून जुन्या यादीवरून भरावा, आणि रमजानच्या डब्यात काही उरले असेल तर त्याच दिवशी काढून घ्यावे.